बाहेरचं काम धरण्याआधी नोकरीचे कागद कसे वाचायचे

मागच्या पावसाळ्यात एका रविवारी सकाळी माझा भाचा तर्री-पोहे बांधून घेऊन घरी आला. तो 3 वर्षांपासून नागपूरच्या मिहानमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. बशीत पोहे काढता काढता म्हणाला, "मामाजी, एक काम मिळून राहिलं. वाडीतला ट्रान्सपोर्टवाला आहे, 14 गाड्या आहेत त्याच्या. बिल्ट्यांचा हिशेब अन् कोणती गाडी कुठं पोचली ते दाखवणारं ॲप पाहिजे त्याले. 70,000 देतो म्हणते. शनिवार-रविवारी करून टाकतो. ऑफिसले सांगू का नको?"

मी 22 वर्षं एचआरमध्ये काढली. आधी बुटीबोरीच्या एका कारखान्यात, मग आयटीत. हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की माझं उत्तर ठरलेलं आहे. सांगायचं की नाही ते नंतर बघू. आधी तू सही कशाकशावर केली ते दाखव. त्यानं फोन काढून ऑफर लेटर उघडलं. दोन पानं, त्यात पगाराचा तक्ता आणि जॉइनिंगची तारीख. "बघा, याच्यात बाहेरच्या कामाबद्दल काहीच नाही," म्हणे.

बहुतेकांची गाडी इथंच चुकीच्या रस्त्याला लागते. त्या दिवशी आम्ही दोघांनी जे केलं, ते तसंच क्रमानं सांगतो.

पहिलं काम: कागद गोळा करा, पण नीट

ऑफर लेटर म्हणजे करार नव्हे, निदान पूर्ण करार तरी नव्हे. जॉइनिंगच्या दिवशी सकाळी 10 ते दुपारी 1 या वेळात तुमच्यासमोर कागदांचा गठ्ठा ठेवतात आणि खुणा केलेल्या जागी सह्या घेतात. त्या दिवशी कोणी काही वाचत नाही, मीही माझ्या वेळी वाचलं नव्हतं. भाच्याच्या बाबतीत त्या गठ्ठ्यात तीन गोष्टी निघाल्या. एक, 11 पानांचं अपॉइंटमेंट लेटर. दोन, गोपनीयता आणि शोधांची मालकी याबद्दलचा वेगळा करार. तीन, आचारसंहिता स्वीकारल्याचा एका पानाचा कागद. त्याशिवाय दरवर्षी एप्रिलमध्ये ऑनलाइन ट्रेनिंग संपल्यावर तो एका चौकोनात टिक करतो, तीही एक सहीच. त्या टिकच्या वर लिहिलेलं असतं की, हितसंबंधांचा संघर्ष असलेलं कोणतंही बाहेरचं काम मी करत नाही. तीन वर्षं त्यानं ते न वाचता जाहीर केलं होतं.

अपॉइंटमेंट लेटरच्या शेवटच्या पानांवर एक वाक्य हमखास असतं: कंपनीची धोरणं वेळोवेळी बदलतील आणि ती कर्मचाऱ्यावर बंधनकारक राहतील. हे वाक्य सापडलं की समजायचं, की इंट्रानेटवरचं हँडबुकही करारात येऊन बसलं. म्हणून हँडबुकची आज लागू असलेली आवृत्ती बघायची, जॉइनिंगच्या वेळी मिळालेली नाही. 2022 मध्ये मूनलायटिंगचा, म्हणजे नोकरी सांभाळून गुपचूप दुसरं काम करण्याचा, गाजावाजा झाला, तेव्हापासून कित्येक कंपन्यांनी याच भागात भर घातली आहे.

इथं एक खबरदारी घ्या. हँडबुक ऑफिसच्या लॅपटॉपवरच वाचा. ते स्वतःच्या जीमेलवर पाठवू नका, मोबाइलनं स्क्रीनचे फोटोही काढू नका. अंतर्गत कागद बाहेर गेला की आयटी सुरक्षेच्या यंत्रणेत त्याची नोंद होते, आणि मग बाहेरचं काम राहतं बाजूला, आधी त्याचाच खुलासा करत बसावं लागतं. वहीत कलमाचा क्रमांक, आवृत्ती आणि तारीख उतरवून घ्या, तेवढं पुरतं. तुमचं स्वतःचं अपॉइंटमेंट लेटर मात्र तुमचं आहे. हरवलं असेल तर एचआरकडे प्रत मागा. बँकेच्या कर्जासाठी, व्हिसासाठी लोक रोज मागतात, कुणाच्या भुवया उंचावत नाहीत.

दुसरं काम: कलम शोधा आणि शब्द न् शब्द वाचा

कागद बहुतेक इंग्रजीत असतात आणि 40-50 पानं सलग वाचायचा धीर कोणाला नसतो. पीडीएफमध्ये हे शब्द एकेक करून शोधा:

```
whole time
other employment
directly or indirectly
prior written
conflict
inventions
```

जे कलम सापडेल ते साधारण तीन जातींपैकी एक असतं. पहिल्या जातीत सरळ बंदी असते: दुसरं काही करायचं नाही. दुसऱ्या जातीत परवानगीची अट असते: करा, पण आधी लेखी संमती घ्या. तिसऱ्या जातीत फक्त स्पर्धक कंपनीचं काम वर्ज्य असतं. आपल्याकडच्या आयटी कंपन्यांत मी जास्त पाहिलेली जात म्हणजे दुसरी, आणि ती वाचताना लोक ती पहिली आहे असं समजून घाबरतात किंवा तिसरी आहे असं समजून बिनधास्त होतात.

भाच्याच्या लेटरमध्ये 14 व्या कलमाचा मराठीत अर्थ असा होता: "कर्मचारी कंपनीचा पूर्णवेळ कर्मचारी राहील आणि कंपनीच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष, मोबदल्यासह वा मोबदल्याशिवाय, अन्य कोणतीही नोकरी वा व्यवसाय करणार नाही."

मी त्याला एकेका शब्दावर बोट ठेवायला लावलं. 'पूर्णवेळ' म्हणजे सकाळी 9 ते संध्याकाळी 6 असं त्याला वाटत होतं, म्हणून शनिवार-रविवार आपले. पण कलमात वेळेचा उल्लेखच नाही. 'पूर्णवेळ' हा शब्द इथं तासांबद्दल नाही, तुमची नोकरी एकच राहील याबद्दल आहे. 'अप्रत्यक्ष' हा शब्द बायकोच्या, भावाच्या, मित्राच्या नावानं बिल फाडणाऱ्यांसाठी आहे. भाच्यानं लगेच विचारलं, "मग ताईच्या नावानं केलं तर?" मी म्हटलं, तो शब्द तुझ्यासाठीच छापलाय. 'मोबदल्याशिवाय' म्हणजे ओळखीखातर फुकट केलं तरी कलम लागतं. आणि 'लेखी' व 'पूर्व' या दोन शब्दांवर तर सगळा खेळ आहे, त्याबद्दल पुढे.

"असं कलम कोर्टात टिकत नाही म्हणतात ना?" हा प्रश्नही आलाच. हे अर्धवट ऐकीव ज्ञान आहे. 1872 च्या भारतीय करार कायद्याचं कलम 27 म्हणतं, की माणसाला धंदा-व्यवसाय करण्यापासून अडवणारा करार रद्दबातल. त्याच्या जोरावर नोकरी सोडल्यानंतरची स्पर्धाबंदी आपल्याकडे सहसा टिकत नाही. पण नोकरी चालू असतानाची बंदी ही वेगळी गोष्ट आहे. 1967 मध्ये निरंजन शंकर गोलिकरी विरुद्ध सेंच्युरी स्पिनिंग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हाच फरक केला, आणि कराराच्या मुदतीत दुसरीकडे काम न करण्याची अट वैध ठरवली. तेव्हा पगार घेत असताना कलम 27 ची ढाल पुढे करू नका.

करारात खरोखरच काही नसेल तर? तसे करार छोट्या दुकानदारी कंपन्यांत असतात, सीताबर्डीच्या एखाद्या ऑफिसात तर लेटरच नसतं. तरी मालकाच्या हिताविरुद्ध काम न करणं हे नोकरीत गृहीतच असतं. कलम नाही म्हणजे परवानगी मागायची सक्ती नाही इतकंच. खाली जे तिसरं काम सांगतोय ते तुम्हालाही करावंच लागेल.

काही खुर्च्यांना कराराच्या वर कायदाच लागतो, त्यांनी हा लेख बाजूला ठेवून आधी तो बघावा. राज्य सरकारी कर्मचाऱ्याला 1979 चे महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम लागतात. केंद्राच्या कर्मचाऱ्याला 1964 चे वर्तणूक नियम लागतात. त्यातल्या नियम 15 मध्ये खासगी धंदा-नोकरीला पूर्वमंजुरी लागते, पण अधूनमधून केलेलं साहित्यिक, कलाविषयक किंवा शास्त्रीय काम आणि मानद सामाजिक काम अटींसह चालतं. शाळेतल्या शिक्षकांना 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 28 खासगी शिकवणी घेऊच देत नाही. आणि हिंगणा-बुटीबोरीच्या शॉप फ्लोअरवर एका कारखान्यातली पाळी संपवून त्याच दिवशी दुसऱ्या कारखान्यात उभं राहणं, नेमकं याच प्रकारासाठी 1948 च्या कारखाना कायद्यात कलम 60 लिहिलेलं होतं, आणि त्याची जागा घेणाऱ्या 2020 च्या संहितेतही ही बंदी आहे.

तिसरं काम: संघर्ष आहे का ते स्वतः तपासा

कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट हा शब्द ऐकला की लोकांना लाचलुचपत आठवते. 'मी काही चोरी करून राहिलो का?' हे वाक्य मी शंभरदा ऐकलं असेल. पण संघर्ष म्हणजे गुन्हा नव्हे. एकाच निर्णयात तुमचे दोन खिसे गुंतलेत, इतकाच त्याचा अर्थ.

बुटीबोरीला असताना पर्चेस खात्यातला एक माणूस होता. कामाला चोख. त्याच्या मेहुण्याचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना होता आणि हा रविवारी त्याची जीएसटीची कामं करून द्यायचा, महिन्याला 4,000 घ्यायचा. तो मेहुणा आमच्याकडे खोकी देत नव्हता. पुढे एका वर्षी त्यानं टेंडर भरलं आणि दर खरोखरच सगळ्यांत कमी होता. या माणसानं फाइलवर शिफारस केली. दर बरोबर, माल बरोबर, पण 6 महिन्यांनी हिशेब तपासनीसांना दोघांचं नातं आणि ते 4,000 कळले. चौकशीत त्यानं कंपनीचं एक रुपयाचं नुकसान केलं नसल्याचं सगळ्यांनी मान्य केलं. तरी नोकरी गेली. कारण दोष दरात नव्हता. फाइलवर सही करताना त्यानं हे नातं सांगितलं नव्हतं, यात होता. टेंडर आलं त्या दिवशी त्यानं साहेबांना दोन ओळींची मेल टाकून ती फाइल दुसऱ्याकडे दिली असती, तर आज तो तिथून निवृत्त झाला असता.

म्हणून मी भाच्याला चार गोष्टी विचारल्या: गिऱ्हाईक कोण, ज्ञान कुठलं, वेळ कोणाचा, सामान कोणाचं.

गिऱ्हाईक वाडीचा ट्रान्सपोर्टवाला. तो कंपनीचा ग्राहक नाही, पुरवठादार नाही. भाच्याला वाटलं, झालं, सुटलो. पण दुसऱ्या प्रश्नावर गाडी अडली. भाच्याची टीम परदेशातल्या एका मालवाहतूक कंपनीसाठी सॉफ्टवेअर करते. त्यात ट्रक कुठं आहे, किती वेळात पोचेल, रस्ता बदलला तर काय, हे दाखवणारा भाग त्याच्याच हातचा आहे. आणि वाडीवाल्याला पाहिजे काय, तर गाडी कुठं पोचली ते दाखवणारं ॲप. तिकडे हजारो ट्रक, इकडे 14, पण काम तेच. त्यानं कोडची एक ओळही उचलली नाही असं धरू. तरी 'तेच डोकं तेच काम दुसऱ्यासाठी करतंय' हे मॅनेजरला पटवायला फार जड जाणार.

बिल्टीचा हिशेब मात्र वेगळा. कोणाचा माल, किती नग, भाडं किती, हमाली किती, पैसे आले की बाकी, ही साधी नोंदवही. तिचा त्याच्या ऑफिसच्या कामाशी संबंध नाही. तेव्हा एका कामाचे दोन तुकडे पडले, एक अडचणीचा आणि एक बिनधोक. हे वेगळं करून बघायचं कोणाला सुचत नाही, लोक अख्ख्या कामालाच 'चालेल' किंवा 'नाही चालणार' म्हणतात.

वेळेच्या प्रश्नात आणखी एक गोष्ट निघाली. महिन्यातून एका शनिवारी त्याची ऑन-कॉल पाळी असते. घरी बसलेला असला तरी फोन आला की 15 मिनिटांत लॅपटॉप उघडावा लागतो, आणि त्याचा भत्ता मिळतो. तो शनिवार त्याचा नाही. शिवाय ट्रान्सपोर्टवाल्यांचा फोन रविवारची वाट बघत नाही. बुधवारी दुपारी 3 वाजता बिल्टी निघाली नाही तर तो तेव्हाच फोन करणार. "त्याले आधीच सांगून ठेव, संध्याकाळी 8 च्या आत फोन घेणार नाही," मी म्हटलं.

चौथं काम: केलेलं काम कोणाच्या मालकीचं, ते बघा

1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 प्रमाणे, नोकरीच्या ओघात केलेल्या कृतीचा पहिला मालक म्हणजे नोकरी देणारा, वेगळा करार नसेल तर. यात 'नोकरीच्या ओघात' हे शब्द तुमच्या बाजूचे आहेत: रविवारी घरी, वेगळ्या विषयावर, स्वतःच्या साधनांनी केलेलं काम त्यात आपोआप बसत नाही. पण तो जो वेगळा गोपनीयतेचा करार आहे, तो यापुढे जातो. भाच्याच्या करारात लिहिलं होतं, की नोकरीच्या काळात केलेलं आणि कंपनीच्या व्यवसायाशी संबंधित असलेलं सगळं कंपनीचं. आता गाडी शोधणारा भाग कंपनीच्या व्यवसायाशी संबंधित आहेच. म्हणजे त्यानं तो केला असता तर वाडीवाल्याला जे विकलं, ते कदाचित त्याचं विकायचंच नव्हतं, आणि उद्या भांडण झालं तर तो गरीब ट्रान्सपोर्टवालाही त्यात ओढला गेला असता.

सामानाबद्दल सांगायचं तर ऑफिसचा लॅपटॉप नको हे सगळ्यांना माहीत असतं. पण घरच्या लॅपटॉपवरही ऑफिसच्या खुणा राहतात. घरून काम करताना भाच्यानं स्वतःच्या मशीनवर गिट बसवलं होतं. मी त्याला तिथंच ही आज्ञा चालवायला सांगितली:

```
git config --global user.email
```

उत्तर आलं, ऑफिसचा ईमेल पत्ता. म्हणजे वाडीवाल्याच्या ॲपच्या प्रत्येक बदलावर कंपनीच्या पत्त्याची मोहोर उमटली असती. तो एकदम गप्प झाला आणि पोह्यावर लिंबू पिळत बसला. तसंच ऑफिसनं पैसे भरलेली सॉफ्टवेअर खाती, ऑफिसच्या खात्याशी जोडलेला ब्राउझर, ऑफिसनं दिलेलं मोबाइल सिम, हेही तपासून घ्या.

पाचवं काम: परवानगी मागा, आणि नेमकी मागा

इथं माझीच एक चूक सांगतो. आयटीत आल्यावर सुरुवातीच्या काळात एका मुलीनं मला कँटीनमध्ये विचारलं, रविवारी क्लासमध्ये शिकवू का. मी म्हटलं, शिकव की, काय हरकत आहे. माझा हेतू स्वच्छ होता, कामही निरुपद्रवी होतं. 2 वर्षांनी नवे साहेब आले, कुणीतरी तक्रार केली, आणि तिला नोटीस निघाली. तिनं माझं नाव सांगितलं, मी होय म्हटलं, पण माझ्या 'होय'ला कागद नव्हता आणि अशी संमती देण्याचा अधिकार मुळात माझ्या पदाला नव्हताच. ती सुटली, पण त्या वर्षीची पगारवाढ गेली. तेव्हापासून मी तोंडी काही सांगत नाही.

म्हणून आधी धोरणात बघा की संमती कोण देतो. कुठं मॅनेजर आणि एचआर दोघं लागतात, कुठं वेगळा अनुपालन विभाग असतो, कुठं तयार ऑनलाइन फॉर्म असतो. मॅनेजरला आधी तोंडी कल्पना द्यावी हे शहाणपणाचं, त्याला मेलमधून कळलं तर तो दुखावतो. पण तो "कर ना बे, कोण पाहून राहिलं" म्हणाला, तर ती परवानगी नव्हे. आणि मेलला उत्तर न येणं हीसुद्धा परवानगी नव्हे.

मेल आम्ही तिथंच बसून लिहिली. ऑफिसच्या भाषेत पाठवली, पण मजकूर असा:

"अपॉइंटमेंट लेटरच्या कलम 14 नुसार पुढील कामासाठी लेखी पूर्वपरवानगी मिळावी. काम: वाडी येथील एका वाहतूक व्यावसायिकासाठी बिल्टी व येणे-देणे यांची नोंद ठेवणारं छोटं सॉफ्टवेअर. यात वाहनाचा माग किंवा मार्ग यासंबंधी कोणताही भाग नसेल. कालावधी 3 महिने, आठवड्याला साधारण 6 तास, फक्त सुटीच्या दिवशी, ऑन-कॉल शनिवार वगळून. मोबदला मिळणार आहे. सदर व्यावसायिक कंपनीचा ग्राहक, पुरवठादार वा स्पर्धक नाही. कंपनीची साधनं, खाती वा माहिती वापरली जाणार नाही. माझं सध्याचं काम मालवाहतूक क्षेत्रातल्या प्रकल्पावर आहे, हे आपल्या निदर्शनास आणून देतो."

शेवटचं वाक्य घालायला भाचा तयार नव्हता. "आपणच कशाले सांगायचं?" पण हेच वाक्य त्या मेलचा प्राण आहे. अडचणीची गोष्ट झाकून मिळवलेली परवानगी उद्या उपयोगी पडत नाही, कंपनी म्हणते आम्हाला सांगितलंच नव्हतं. उलट सांगितल्यावर मिळालेली परवानगी पक्की. रक्कम किती ते लिहायची गरज नसते, फॉर्ममध्ये विचारलं असेल तरच लिहा. आणि 'फ्रीलान्सिंगला परवानगी मिळावी' असं मोघम कधी मागू नका. मोघम मागणीला एचआर सरसकट नाही म्हणतं, मीही म्हणत आलोय.

न सांगता केलं तर कळतं कसं

व्हॉट्सॲपवर फिरतं की तुमचा आयकराचा सगळा तपशील कंपनीला दिसतो. तसं नाही. तुमच्या उत्पन्नाची आयकर खात्याकडची नोंद, म्हणजे एआयएस, तुमच्या लॉगिनमध्ये असतो, एचआरला तो दिसत नाही. कळतं ते दुसऱ्याच वाटांनी. दुसरीकडे रीतसर नोकरी धरली तर पीएफ त्याच यूएएनखाली जमा होऊ लागतो, आणि पुढच्या नोकरीच्या पडताळणीत एकाच तारखांना दोन कंपन्या दिसतात. एकरकमी कामाचा पीएफ नसतो, तिथं बहुधा माणसंच बोलतात: खूश झालेलं गिऱ्हाईक तुमचं नाव टॅग करून पोस्ट टाकतं, किंवा पैसे थकले म्हणून तुम्ही भांडता आणि तो ऑफिसात फोन करतो. विप्रोनं सप्टेंबर 2022 मध्ये स्पर्धकांकडे एकाच वेळी काम करणाऱ्या 300 जणांना काढल्याचं कंपनीचे अध्यक्ष ऋषद प्रेमजींनी जाहीर सांगितलं होतं. त्याच सुमारास इन्फोसिसनं आधी कडक इशारा दिला आणि महिन्याभरानं, पूर्वसंमती घेऊन, स्पर्धा नसलेलं किरकोळ काम करायची वाट मोकळी केली. दोन्ही कंपन्यांचा मुद्दा तोच दिसतो: दुसरं काम कोणाचं आणि विचारलं होतं का.

परवानगी मिळाली तरी कराचं वेगळं बघावं लागतं. पगाराव्यतिरिक्त व्यावसायिक उत्पन्न आलं की आयटीआर-1 भरता येत नाही, आयटीआर-3 किंवा आयटीआर-4 लागतो. टीडीएस वजा जाऊन वर्षाचा देय कर 10,000 किंवा जास्त होत असेल तर आगाऊ कर भरावा लागतो. 70,000 च्या कामासाठी एखाद्या सीएला एकदा भेटून घ्या, दरवर्षीची डोकेदुखी वाचते.

उत्तर आल्यावर

भाच्याला उत्तर यायला 11 दिवस लागले. चौथ्या दिवसापासून वाडीवाला रोज फोन करत होता आणि भाचा मला. मी त्याला एकच सांगितलं, ॲडव्हान्स घेऊ नको. उत्तर येण्याआधी 10,000 घेतले की मग 'पूर्व' हा शब्द गेला.

संमती आली, दोन अटींसह. एक, काम 3 महिन्यांत संपेल आणि वाढवायचं असेल तर पुन्हा विचारायचं. दोन, प्रकल्प किंवा पद बदललं तर नव्यानं कळवायचं. ही दुसरी अट लोक विसरतात. उद्या भाचा बिलिंगच्या प्रकल्पावर गेला तर आजचा बिनधोक तुकडाच अडचणीचा होईल. त्यानं उत्तराची प्रत छापून अपॉइंटमेंट लेटरच्या मागे लावून ठेवली, आणि एप्रिलच्या त्या चौकोनात टिक करताना हे काम जाहीर करायचं म्हणून कॅलेंडरवर नोंदही केली.

नकार आला असता तर? तर काम करायचं नाही, इतकं सरळ आहे. कारण विचारता येतं, कामाचा अडचणीचा भाग कापून पुन्हा मागता येतं, ते काम ओळखीच्या दुसऱ्या माणसाकडे देता येतं, पण त्यातलं कमिशन घ्यायचं नाही, 'अप्रत्यक्ष' आठवतंय ना. विचारून, नकार घेऊन, मग गुपचूप करणं हे न विचारता करण्यापेक्षा वाईट. तुम्हाला नियम माहीत होता याचा पुरावा तुम्हीच मेलवर देऊन ठेवलेला असतो.

संमती आली त्या शनिवारी आम्ही दोघं वाडीला गेलो. भाच्यानं ट्रान्सपोर्टवाल्याला समजावलं, की गाडी शोधायचा भाग आपल्याला करता येणार नाही, बिल्टीचं तेवढं होईल आणि त्याचे 45,000. तो टेबलावरच्या बिल्टीबुकांचा ढीग बाजूला सारत म्हणाला, "बिल्टीचंच करून दे रे बाप्पा. गाडी कुठं आहे ते मी ड्रायव्हरले फोन करून विचारतो, तसंही तो खोटंच सांगते."